मनू, त्या टोकनबद्दल

चि. मनू,

रविवारी तू फोन ठेवलास त्यानंतर आई दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. म्हणते, पोरीनं फ्लॅटला टोकन दिल्याचं इतक्या आनंदानं सांगितलं आणि तुम्ही पहिलं काय विचारलंत तर "परवानगी नंबर काय?" बरोबर आहे तिचं. आधी अभिनंदन करायला हवं होतं. आता करतो. तुम्ही दोघांनी चार वर्षांत सात लाख साठवले, तेही भाडं भरून, हे मी आत्तापर्यंत तीन जणांना सांगितलंय, त्यात आपल्या कोपऱ्यावरचा इस्त्रीवालापण आला.

पण ते एक लाखाचं टोकन परत मागता येईल का बघ. झालं, लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो आणि दुसऱ्याच परिच्छेदात आलं.

तू म्हणालीस ते लागलं मला. "बाबा, तुम्ही स्वतः गुंठ्यातल्या घरात आयुष्य काढलंत, मग मला का अडवता?" खरंय. १९९८ ला आपण एक गुंठा घेतला तेव्हा नोटरीचा कागद आणि सातबाऱ्यावर अकरा जणांची सामाईक नावं, एवढंच होतं हातात. मी बँकेत लोन डिपार्टमेंटला बसायचो, दिवसभर असल्याच घरांच्या फायली परत पाठवायचो आणि संध्याकाळी त्याच तऱ्हेच्या घरात येऊन जेवायचो. ऑफिसात कुणाला पत्ता नीट सांगायचो नाही.

आपलं निभावलं ते कसं ते ऐक. २००१ ला गुंठेवारीचा कायदा आला, १ जानेवारी २००१ च्या आधीचे प्लॉट त्यात बसत होते, आपला बसला. अर्ज, मोजणी, शुल्क भरलं, प्रमाणपत्र मिळालं, ते अजून देवघराच्या खणात आहे. पण ते खालच्या दोन खोल्यांचं. वरचा मजला मी २००९ ला चढवला, तुला अभ्यासाला खोली हवी म्हणून, आणि परवानगी घेतली नाही कारण सगळेच चढवत होते. त्या मजल्यावर पुढे शास्ती लागली, म्हणजे घरपट्टी भराच वर तिच्या दुप्पट दंड, दरवर्षी. ती भरली नाही की थकबाकी वाढत जायची. पिंपरी-चिंचवडची शास्ती २०२३ ला माफ झाली तेव्हा गल्लीत पेढे वाटले लोकांनी, मीपण खाल्ला. पण दंड माफ झाला म्हणून मजला अधिकृत झाला नाही, तो आजही कागदावर नाहीच.

आणि एक तुला कधी सांगितलं नाही. तुझ्या एमएसच्या वेळी साडेसात लाखाच्या वरच्या एज्युकेशन लोनला तारण लागत होतं. मी म्हटलं घर आहे की. माझ्याच बँकेचा व्हॅल्युअर आला, टेप लावून खालचं मापलं, मग जिन्याजवळ उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, वरचा नकाशा?" मी गप्प. त्यानं वही मिटली आणि वर चढलाच नाही. तुझी खोली, ते खिडकीतलं टेबल, सगळ्याची किंमत शून्य लिहिली. तुझ्या आईच्या पाटल्या आणि आजीचा गोफ, त्यावर तुझं पहिलं सेमिस्टर गेलं. तू समजलीस की पाटल्या लग्नासाठी मोडल्या. असो.

म्हणून मी नंबर विचारला.

आता तुमच्या बिल्डिंगबद्दल. राग येईल तुला, पण मी मंगळवारी जाऊन बघून आलो, जयेशरावांनी लोकेशन पाठवलं होतं त्यावरून. समोरचा रस्ता पावलांनी मोजला, पंधरा फुटांच्या आसपास भरला. पलीकडच्या बिल्डिंगची बाई गॅलरीत कपडे वाळत घालत होती, तिनं हात लांब केला तर तुमच्या बाजूच्या ग्रिलला लागेल. साइटवर नकाशाचा किंवा परवानगीचा बोर्ड कुठेच नाही. वॉचमन म्हणाला प्लॉट दोन गुंठ्यांचा.

दोन गुंठे म्हणजे २,१७८ स्क्वेअर फूट. एफएसआय म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते. आत्ताच्या राज्याच्या नियमावलीत मूळ एफएसआय १.१ आहे, म्हणजे साधारण २,४०० फूट बांधकाम. रस्ता ९ मीटरपेक्षा लहान असेल तर जास्तीचा प्रीमियम एफएसआय विकत घेता येत नाही, टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा बांधकाम हक्क, तोही चढवता येत नाही. जिने, बाल्कनी वगैरेसाठी पैसे भरून जे ६० टक्के मिळतात ते धरले तरी ३,८०० च्या थोडं वर जातो. आणि उभं काय आहे? मजल्यावर ८५० चे दोन फ्लॅट, असे पाच मजले, ८,५००. निम्म्याहून जास्त बिल्डिंग अशी आहे की तिला आधी अर्ज केला असता तरी परवानगी मिळालीच नसती. तुमचा फ्लॅट चौथ्यावर.

बिल्डर म्हणतो ना, "नंतर पन्नास हजार भरले की रेग्युलराइज होतं", इथंच खरी गोम आहे आणि लोक नेहमी इथंच फसतात. ते शुल्क म्हणजे चुकीची किंमत नव्हे की भरली आणि सुटलो. जे बांधकाम नियमात बसत होतं पण परवानगी न घेता केलं, तेवढंच दंड आणि विकास शुल्क घेऊन नियमित करतात. जे नियमातच बसत नाही ते काढायला सांगतात. कधीतरी सरकार खास सवलत देतं, पण ती तारखेला बांधलेली असते. गुंठेवारीची तारीख २०२१ च्या दुरुस्तीत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आली, अनधिकृत बांधकामं दंड घेऊन नियमित करायची जी दुसरी तरतूद आहे तिची ३१ डिसेंबर २०१५. तुमच्या बिल्डिंगचा स्लॅब गेल्या वर्षीचा. शिवाय फ्लॅटवाल्यानं एकट्यानं जाऊन आपला चौथा मजला नियमित करून आणला असं होत नाही, अर्ज अख्ख्या बिल्डिंगचा लागतो, जमिनीच्या मालकाची सही लागते, आणि सगळे फ्लॅट विकले गेल्यावर तो मालक कशाला येतोय सही करायला.

रेरा नंबर नाही, त्यावर तो "लागतच नाही" म्हणाला ना. खरं बोलला. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला रेरा नोंदणीची सक्ती नाही आणि दोन गुंठे म्हणजे २०२ चौरस मीटरच. पण रेरा लागत नाही याचा अर्थ महापालिकेची परवानगी लागत नाही असा नाही. रजिस्ट्रेशन होतं, तेही खरं, पण तिथं दस्त नोंदवतात, बिल्डिंग अधिकृत आहे की नाही हे ठरवत नाहीत. लाइटचा मीटर आणि घरपट्टीची पावती, त्यांचंही तसंच.

बँक नाही म्हणाली म्हणून जयेशराव चिडले होते, "पगार चांगला, सिबिल चांगला, मग प्रॉब्लेम काय?" त्यांना सांग, प्रॉब्लेम तुमचा नाहीये. मी बावीस वर्षं त्या खुर्चीत होतो. होम लोन देताना बँक दोन गोष्टींवर भरवसा ठेवते, एक माणसाच्या पगारावर आणि दुसरा पगार थांबला तर विकायच्या वस्तूवर. वीस वर्षांत कुणाचा पगार थांबेल सांगता येत नाही. मग बँक ताबा घेणार, लिलाव लावणार, आणि तो फ्लॅट घेणार कोण? त्या गिऱ्हाइकालाही लोन मिळत नाही. त्यात उद्या महापालिकेनं पाडला तर तारणच गेलं, कर्ज मात्र कर्जदाराच्या नावावर तसंच. म्हणून बँकेचा वकील मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे बिल्डिंग नकाशाप्रमाणे झाली आणि राहायला हरकत नाही असा महापालिकेचा दाखला, मागतो. २००६ ला दिल्ली हायकोर्टातल्या प्रकरणानंतर रिझर्व्ह बँकेनं बँकांना लिहूनच दिलं की अनधिकृत वसाहतीतल्या मालमत्तेवर ती नियमित होऊन शुल्क भरल्याशिवाय कर्ज द्यायचं नाही. डिसेंबर २०२४ ला मेरठच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानंही सांगितलं की भोगवटा प्रमाणपत्र तपासल्याशिवाय बँकांनी बिल्डिंगवर कर्ज देऊ नये. मॅनेजरला कितीही ओळख लावा, तो सही करणार नाही, आणि केली तर त्याची पेन्शन जाईल.

पुन्हा लेक्चर झालं. आई मागून वाचतेय आणि मान हलवतेय. सॉरी.

पण पतसंस्थेचं तेवढं सांगतो आणि थांबतो. बिल्डरनं सुचवलेली पतसंस्था १४ टक्क्यांनी दहा वर्षांसाठी देते म्हणालीस. २५ लाखांचा हप्ता ३८,८०० होतो. तेच बँकेचं साडेआठ टक्क्यांनी दहाच वर्षांचं असतं तर ३१,००० च्या आसपास. तुम्हाला फ्लॅट आठ लाख स्वस्त वाटतोय, ते आठ लाख व्याजातच परत जातात. आणि पतसंस्था देते कारण तिला फ्लॅट नकोच आहे, तिला तुमचे दोन जामीनदार आणि पगाराचे चेक हवेत. जामीनदार म्हणून तू सुनीलकाकाचं नाव घेतलंस. त्याला परत या वयात नको ग गुंतवू, गॅरेजच्या वेळचं तुला माहितीच आहे.

कागद दाखवला तरी लगेच हुरळू नकोस एवढंच. कल्याण-डोंबिवलीत बनावट बांधकाम परवानग्या जोडून रेरा नंबरसुद्धा घेतले होते, नोव्हेंबर २०२४ ला हायकोर्टानं ६५ बिल्डिंगा पाडायला सांगितल्या. त्यात कर्ज काढून राहायला गेलेली माणसं होती. कागदावरचा नंबर घेऊन महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात जायचं आणि त्यांच्या रेकॉर्डला तोच नंबर, तोच सर्व्हे नंबर आणि तेवढेच मजले आहेत का ते बघायचं. अर्ध्या दिवसाचं काम आहे. मी रिकामाच असतो.

मला तुझं घर झालेलं बघायचंय मनू. भीती वाटते ती एवढीच की दहा वर्षांनी शाल्मलीच्या शिक्षणाला तुला तारण लागेल आणि तुझ्याही जिन्यात कुणीतरी वही मिटेल. आईकडे आता पाटल्या नाहीत.

लहान बघा हवं तर, वन बीएचके, जुनी सोसायटी, पण भोगवटा असलेली. थोडे पैसे मी देतो, एफडी सप्टेंबरला सुटतेय. नाही म्हणू नकोस लगेच.

शनिवारी शाल्मलीला घेऊन ये, आईनं डिंकाचे लाडू केलेत. येताना टोकनची पावती आण. तिच्यावर टोकन परत द्यायची काही अट लिहिलीय का, आणि सही बिल्डरची आहे की नुसती एजंटची, ते आज रात्री बघून मला फोटो पाठव. रागावली असशील तर काही लिहू नकोस, नुसता फोटो पाठव.

तुझा,
बाबा