कराडच्या दुकानाआधी हे वाच

सांगली, गावभाग

प्रिय दत्तू,

पत्र पोचलं. कराडला गाळा घेतलास हे वाचून घरात सगळ्यांना आनंद झाला. पुण्याच्या वर्कशॉपात इतकी वर्षं दुसऱ्याच्या मशीनवर पाय मारलास, आता तुझ्या नावाची पाटी लागेल. पण पत्राच्या शेवटी तू लिहिलंयस की पहिलं वर्ष ओळखीच्या लोकांना उधारीवर शिवून देऊन गिऱ्हाईक जोडणार. ते वाक्य मी दोनदा वाचलं. मजुरीचा हिशेब तुला तोंडपाठ आहे, पण उधारीची वही तू कधी सांभाळलेली नाहीस. म्हणून माझ्या गेल्या दिवाळीचं काय झालं ते आज सविस्तर लिहायला बसलोय.

दिवाळीच्या महिन्यात आम्ही एकशेवीस अस्तरचे ब्लाऊज शिवले. शिलाई अस्तरासकट ४०० रुपये. त्यात अस्तर, हूक, दोरा मिळून ९० जातात, कारागिराला नगामागे १३०, आणि भाडं-लाईट वाटून घातलं तर ४०. म्हणजे माझ्या हाताचे, कटिंगचे राहतात १४०. रात्री वही मांडली, ४८,००० ची विक्री, खर्च ३१,२००, उरले १६,८००. तुझ्या वहिनीला म्हटलं, यंदा ओव्हरलॉकचं मशीन घेऊया.

दुसऱ्या दिवशी शनिवार, कारागिराचा पगार. गल्ला उघडला तर नोटा पुरेनात. मला वाटलं, घरातून कुणी काढले की काय! मग चिठ्ठ्या एकेक करून मोजल्या. एकशेवीसपैकी सत्तर जणींनी रोख दिले होते, म्हणजे २८,०००. पन्नास ब्लाऊज गल्लीत उधार गेले होते. खर्च मात्र सगळ्या एकशेवीसचा, आणि तो रोखीतच झालेला. वहीत १६,८०० चा फायदा अन् गल्ल्यात ३,२०० चा खड्डा. दोन्ही आकडे खरे होते रे. वहीतला आकडा शिवलेल्या कामाचा असतो, गल्ल्यातला हातात आलेल्या पैशाचा. कारागीर दुसराच मागतो. त्या शनिवारी मी घरच्या भिशीतले पैसे मोडून त्याला दिले.

उधारी कशी जाते तेही सांगतो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी शेजारच्या वहिनी आल्या. मोरपंखी ब्लाऊज, गळ्याला पायपिंग, मागे लटकन. मी इस्त्री करून घडी घालत होतो. दारातूनच म्हणाल्या, "भाऊजी, पाहुणे बसलेत घरात, पैसे उद्या देते हं." दिवे लागले होते, शेजारधर्म होता, मी पिशवी हातात दिली. तो 'उद्या' संक्रांतीपर्यंत आला नाही. आधी त्या दुकानासमोरून जाताना हसायच्या. मग मान खाली घालून जायला लागल्या. मग मागच्या बोळातून. आणि माघात त्यांच्या भाचीच्या लग्नाचे ब्लाऊज दुसऱ्याच मास्तरांकडे गेले. हे मला सगळ्यात लागलं. चारशे रुपये अडकले म्हणून माणसाला माझ्या दारात यायची लाज वाटली, आणि माझं पुढचं कामही गेलं.

पण खरं दुखणं बुडीत पैशात कसं असतं ते बघ. मला आधी वाटायचं, चारशेचा ब्लाऊज बुडाला तर माझे १४० गेले, हाताची मेहनत गेली, बस. तसं नाही. अस्तरवाल्याला, कारागिराला, घरमालकाला मी २६० खिशातून देऊन बसलोय. ते भरून काढायला पुढचे दोन ब्लाऊज रोखीत शिवावे लागतात, आणि त्यांत माझ्या मेहनतीचं जवळपास काहीच उरत नाही. एका बुडीत ब्लाऊजपायी दोन फुकट.

तीन महिन्यांत वीस हजारांच्या उधारीतले १३,००० आले. कसे आले? कुणी शंभर, कुणी दोनशे, तेही भाजीला निघताना. असे पैसे घरखर्चात विरतात, त्यातून अस्तराचा तागा येत नाही. तुळशीचं लग्न झालं, लगीनसराई सुरू झाली, आणि गणपती पेठेतल्या व्यापाऱ्याने मागचं बिल मिटवल्याशिवाय नवा तागा द्यायला नकार दिला. त्याचंही बरोबरच होतं. मग मी किरकोळीत मीटर-मीटर अस्तर आणलं. ताग्यात ३८ रुपये मीटर पडणारं ५५ ला पडलं. ब्लाऊजला साधारण मीटरभर धर, म्हणजे नगामागे सतरा रुपये माझ्याच मेहनतीतून गेले. ज्यांनी रोख दिले त्यांच्या ब्लाऊजवरही!

उरलेले ७,००० तारखेप्रमाणे लावले तेव्हा एक गोष्ट दिसली. पहिल्या महिन्यात जे पन्नास रुपये तरी देऊन गेले होते, ते जवळजवळ सगळे फिटले. ज्यांनी पहिल्या महिन्यात तोंडच दाखवलं नाही, त्यांच्याकडून पुढे क्वचितच काही आलं. आता मी रक्कम मोठी की लहान हे बघत नाही, शेवटचा पैसा कधी आला ते बघतो.

आमच्याकडे एक वकीलबाई शिवायला देतात. त्यांना विचारलं, पुढच्या वेळी त्या वहिनींचा नवा ब्लाऊज अडवून मागचे मागू का? त्या म्हणाल्या, नाही चालणार. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात कलम १७० आहे. ज्या कपड्यावर काम केलं, त्याची मजुरी मिळेपर्यंत तोच कपडा ठेवून घेता येतो. जुन्या बाकीसाठी नवा कपडा, तसं आधी ठरलेलं नसेल तर, नाही. आणि गंमत नव्हे दत्तू, त्या कलमाखालचं उदाहरणच शिंप्याचं आहे. शिंप्याने कोट तयार होताच देईन आणि पैशांना तीन महिन्यांची मुदत देईन असं कबूल केलं असेल, तर पैशासाठी त्याला कोट अडवता येत नाही. दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्याच दुकानातली गोष्ट लिहून ठेवली होती. 'नंतर द्या' हे आपण स्वतः म्हटलं की हातातली एकमेव सोय आपणच सोडतो.

म्हणून आता माप घेतानाच २२० घेतो, म्हणजे अस्तर आणि कारागीर सुटले. बाकीचे १८० ब्लाऊज नेताना. पाडव्यापासून हे चालू केलं तेव्हा दोन काकू रागावून गेल्या. एक परत आली, एक नाही आली. ब्लाऊज पडून राहिला तरी आता माझ्या खिशातून कारागिराचे जात नाहीत, माझी मेहनत आणि भाड्याचा वाटा तेवढा अडकतो. कोपऱ्यावरच्या धुणीभांडी करणाऱ्या मावशींना मात्र मी आगाऊ मागत नाही. त्यांचा ब्लाऊज शिवायचा ठरवला की खर्च त्याच दिवशी घरच्या खात्यात लिहितो, येण्यात धरत नाही. त्यांनी दिले तर घेतो.

तू कराडला पहिल्या दिवसापासून असंच लाव. नंतर लावलं की लोकांना वाटतं आपल्यावरचा विश्वास उडाला. माझं नेमकं तेच झालं.

जुन्या वहीत अजून ४,६०० आहेत. परवा त्या वहिनी आल्या. रुमालाच्या गाठीतून दोनशे काढून मशीनच्या फळीवर ठेवले, म्हणाल्या, "बाकीचे पुढच्या महिन्यात." मी चहा मागवला. त्या बसल्या, आणि मोरपंखी ब्लाऊजची बाही थोडी घट्ट होते म्हणाल्या. तिथेच उसवून सैल करून दिली.

गाळ्याचं भाडं किती ठरलं, अनामत किती मागतायत, ते सगळं लिही. उद्घाटनाला आम्ही दोघंही येतो.

तुझा,
शिवा