विषय: यूपीआय पिन बदलताना दाखवलेला चुकीचा संदेश आणि ग्राहक सेवेने दिलेला सल्ला

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी

महोदय,

आपल्या ग्राहक सेवेशी झालेल्या संभाषणामुळे हे पत्र लिहायला घेतले आहे. आपल्या ॲपमध्ये विसरलेला पिन नव्याने ठरवण्याची सोय कशी चालते, हे आपल्याला ठाऊक असेल असे मी गृहीत धरतो. आपल्या प्रतिनिधींच्या बाबतीत मात्र तसे गृहीत धरण्याची सोय उरलेली नाही.

माझ्या जुन्या डेबिट कार्डाची मुदत संपल्यावर बँकेने नवे कार्ड घरी पाठवले. त्याच सुमारास, फारशा वापरात नसलेल्या या खात्याचा पिन मला नव्याने ठरवायचा होता. बँक खात्याच्या पानावर जाऊन ‘पिन विसरलात’ हा पर्याय निवडला, नव्या कार्डाच्या क्रमांकातले शेवटचे सहा आकडे आणि त्यावर छापलेला मुदतीचा महिना व वर्ष भरले. त्यावर ‘कार्डाचा तपशील चुकीचा आहे’ असा संदेश आला. मी कार्ड प्रकाशात धरून प्रत्येक आकडा पुन्हा जुळवला आणि पुन्हा भरला, तेव्हाही ‘तपशील चुकीचा आहे’ हेच उत्तर मिळाले. तपशील अचूक होता. चुकीचा होता तो आपला संदेश.

खरे कारण मला बँकेच्या शाखेत कळले. नवे कार्ड हातात आले तरी एटीएमवर जाऊन त्याचा पिन ठरवेपर्यंत माझी बँक ते सक्रिय करत नाही, आणि सक्रिय नसलेल्या कार्डाच्या आधारे यूपीआय पिनही ठरवू देत नाही. कार्डाची मुदत संपलेली असणे, कार्डाची नोंद न सापडणे, कार्डावर निर्बंध असणे या यूपीआयमध्ये निरनिराळ्या अडचणी आहेत आणि त्यांचे संकेतांकही निरनिराळे आहेत. एवढा भेद मागच्या बाजूला उपलब्ध असताना आपण ग्राहकासमोर सरसकट एकच वाक्य ठेवता आणि ते वाक्यही दोष ग्राहकाच्या माथी मारणारे असते. ‘आपले कार्ड अद्याप सक्रिय नसावे, बँकेकडे खात्री करा’ एवढे लिहायला किती जागा लागते?

आता ज्या संभाषणामुळे हे पत्र लिहावे लागले, त्याविषयी. शाखेत जाण्यापूर्वी मी आपल्या ग्राहक सेवेला फोन केला होता. आपल्या प्रतिनिधीने पहिला प्रश्न विचारला, “कार्डाच्या मागचे तीन आकडे नीट टाकलेत ना?” मी म्हणालो, या पानावर ते आकडे विचारलेच जात नाहीत, तिथे त्यांच्यासाठी रकानाच नाही. काही क्षण शांतता पसरली आणि मग “सर, ॲप काढून परत टाका” असा उपाय आला. पिन बँकेकडे असतो, ॲपमध्ये नसतो. म्हणूनच एका ॲपमधून तो बदलला की त्याच खात्यासाठी दुसऱ्या ॲपमध्येही नवाच पिन चालतो. मग ॲप काढून टाकल्याने काय साधणार, असे मी विचारले. यावर अत्यंत प्रेमळ आवाजात विचारणा झाली, “सर, घरात कोणी तरुण आहे का? त्यांच्याकडे फोन द्या ना.”

मी फोन कोणाकडेही दिला नाही. बहुधा माझी समजूत घालण्यासाठी प्रतिनिधी पुढे म्हणाले, “आणि सर, या वेळी सोपा पिन ठेवा, म्हणजे विसरणार नाही. तुमचे जन्मवर्ष ठेवा, नाहीतर सरळ एक-दोन-तीन-चार.” ज्या संभाषणाच्या आरंभी ‘गुणवत्ता राखण्यासाठी हा कॉल ध्वनिमुद्रित केला जात आहे’ असे आपण बजावता, त्यातच आपण ग्राहकाचा संभाव्य पिन सुचवून तो मुद्रितही करून ठेवलात. गुणवत्तेची एवढी काळजी क्वचितच पाहायला मिळते.

पिन टाकण्याचे पान यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या सामायिक प्रणालीचे असते आणि तिथे टाकलेला पिन ॲपला दिसत नाही, हे मी जाणतो. त्यामुळे कच्चा पिन नाकारण्याची अपेक्षा मी आपल्याकडून करत नाही, कारण ते काम बँकेचे आहे. परंतु त्या पानाच्या आधीचा पडदा आपला आहे, आणि त्यावर सध्या ऑफरची जाहिरात झळकते. तिथे दोन कामाच्या गोष्टी सांगता आल्या असत्या.

पहिली अशी की, कार्ड सक्रिय झाल्यावर मी पुन्हा प्रयत्न केला तेव्हा बँकेचा ओटीपी, मग एटीएमचा पिन आणि मग नवा यूपीआय पिन, अशी पाठोपाठ विचारणा झाली. एटीएमचा पिन सगळ्याच बँका विचारत नाहीत, पण जिथे विचारतात तिथे रकाने इतके एकसारखे दिसतात की घाईत माणूस दोन्हीकडे तोच आकडा टाकून मोकळा होतो. मग एक पिन कोणी पाहिला की दुसराही त्याच्या हाती जातो.

दुसरी गोष्ट पिन निवडण्याची. काही बँका चार आकडी पिन घेतात, काही सहा आकडी. चार आकड्यांत 10 हजार शक्यता असतात, सहांत 10 लाख. चुकीचे काही प्रयत्न झाले की बँक पिन तात्पुरता अडवते, त्यामुळे चोर सगळ्या शक्यता तपासत बसत नाही. तो पहिल्या दोन-तीन प्रयत्नांत जन्मवर्ष, जन्मतारीख, मोबाइलचे शेवटचे आकडे किंवा 1234 टाकून पाहतो. म्हणजे आपल्या प्रतिनिधीने सुचवलेले दोन्ही पिन. त्यापेक्षा स्वतःलाच ठाऊक असलेले एखादे वाक्य घ्यावे आणि प्रत्येक शब्दातली अक्षरे मोजावीत. ‘वाड्यातल्या पिंपळावर दोन घुबडं बसायची रात्री’ या वाक्यातून 452342 मिळतात. शब्द बहुधा दोन ते पाच अक्षरांचेच भरतात, म्हणून त्यातले एक-दोन आकडे वाक्याशी संबंध नसलेले घालावेत. (हा पिन माझा नाही. आपल्या सेवकवर्गाची जिज्ञासा लक्षात घेऊन हे नमूद करत आहे.)

माझ्या मागण्या मोजक्याच आहेत. सक्रिय नसलेल्या कार्डासाठी स्वतंत्र संदेश दाखवावा. पुन्हा सांगतो, अचूक तपशिलाला चुकीचा म्हणणे थांबवावे. कोणताही पिन सुचवायचा नाही, अशी लेखी ताकीद ग्राहक सेवेला द्यावी. ज्या ध्वनिमुद्रणात माझे जन्मवर्ष पिन म्हणून सुचवले गेले, ते ऐकून त्यावर काय कारवाई केली हे मला लेखी कळवावे. ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ हे छापील उत्तर पाठवू नये, ते माझ्याकडे आधीच आहे.

समाधानकारक उत्तर न आल्यास तक्रार वर नेण्याचा क्रम मला पाठ आहे: आधी आपण, मग ज्या बँकेमार्फत आपले ॲप यूपीआयशी जोडलेले आहे ती बँक, मग माझी बँक, मग एनपीसीआय आणि शेवटी रिझर्व्ह बँकेचे लोकपाल. आपले ॲप मी नातेवाइकांच्या फोनमध्येही आग्रहाने टाकून दिले होते, याचे आता वाईट वाटते. ते काढून टाकायला मात्र आपल्या प्रतिनिधीने मला शिकवलेच आहे.

आपला,
तूर्तास ग्राहक