काकीचा व्हिडिओ अजून फिरतोय

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत गुडघेदुखीच्या पावडरची अर्धं पान जाहिरात बघितली, वर सिरियलवाल्या नटाचा फोटो आणि खाली सहा जणांचे अनुभव, म्हणून लिहितोय. तसलीच एक पावडर (ही नाही, दुसरी) आमच्या घरात येऊन गेलीय.

आमची काकी ६३ वर्षांची, गाव रत्नागिरी तालुक्यात. दोन वर्षांमागे लावणीच्या दिवसांत तिचे गुडघे इतके धरले की पाखाडी चढताना मध्ये दोनदा बसायची. मोबाईलवर जाहिरात आली, एक नट सांगत होता की माझी आई याच पावडरने चालायला लागली. झालं, काकीने पार्सल मागवलं, सकाळ-संध्याकाळ एक चमचा कोमट पाण्यातून. तिसऱ्या दिवशी काकी हातात कळशी घेऊन न थांबता पाखाडी चढली, मी स्वतः बघितलं. कंपनीवाल्याचा फोन आला, व्हिडिओ पाठवा, एक डबा फ्री. काकीने अंगणात उभं राहून व्हिडिओ केला, "गुडघे दुखत होते ह्याच इसारलंय मी". यातला एक शब्द खोटा नव्हता हो, आणि मला सांगायचंय ते हेच.

मुळात गुडघ्याचं दुखणं कमीजास्त होत राहतं आणि माणूस औषध मागवतो ते दुखणं शिगेला पोचल्यावर. आपल्याकडे लावणीत चिखलात वाकून वाकून गुडघे जातात, गणपतीपर्यंत जरा आराम मिळाला की आपसूक उतार पडतो, मग त्या वेळी चुना लावलात तरी गुण चुन्यालाच. ज्यांना फरक नाही पडला ते कशाला व्हिडिओ करतील, ते दुसरी पावडर शोधतात.

पण तीन दिवसांत एवढा फरक म्हणजे गोष्ट वेगळी, तेव्हा आमच्या लक्षात आलं नाही. महिन्याभरात काकीला भूक सपाटून लागायला लागली, रात्री झोप नाही, तोंड गोल झालं. वाडीतले म्हणाले तब्येत सुधारली. चौथ्या महिन्यात सारखी लघवी आणि तहान, तपासलं तर उपाशीपोटी शुगर २८०, आधी कधीच नव्हती. घाबरून तिने पावडर एकदम बंद केली आणि चार दिवसांत उलट्या, चक्कर, उठून बसवेना, बीपी ९० च्या खाली.

तालुक्याच्या डॉक्टरांनी तोंड बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "कुठली पावडर घेता?" सकाळी आठला रक्तातलं कॉर्टिसोल तपासलं ते जवळजवळ नाहीच. कॉर्टिसोल म्हणजे आपलं शरीर स्वतः बनवतं ते स्टिरॉइड, मूत्रपिंडाच्या वरच्या छोट्या ग्रंथीत. बाहेरून महिनोन्‌महिने स्टिरॉइड मिळत राहिलं की त्या ग्रंथी काम सोडतात, आणि मग बाहेरचंही अचानक थांबलं की शरीराकडे काहीच उरत नाही. डबा काकीने परसात जाळला होता त्यामुळे पावडर लॅबला गेली नाही, पण त्यात स्टिरॉइड मिसळलेलं होतं याबद्दल डॉक्टरांना शंका नव्हती. त्यांनीच मग मोजून स्टिरॉइडची गोळी दिली आणि कित्येक महिन्यांत थोडी थोडी कमी करत बंद केली. स्टिरॉइड वाईट औषध नाही, पण किती घ्यायचं ते माहीत पाहिजे, आणि डब्यावर तर नुसत्या वनस्पतींची नावं. म्हणून कोणी अशी पावडर महिनोन्‌महिने घेत असेल तर घाबरून एकदम थांबवू नका, आधी डबा घेऊन डॉक्टरकडे जा, आणि डबा जाळू नका, अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करायची तर तोच पुरावा.

आता नटाबद्दल. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसवी जाहिरात करणाऱ्या सेलिब्रिटीलाही १० लाखांपर्यंत दंड आहे, परत केलं तर ५० लाखांपर्यंत. आधी नीट खात्री करून घेतली होती हे दाखवलं तर सुटतो. त्याची आई खरंच ती पावडर घेते का हे त्यालाच माहीत, आणि हल्ली तर व्हिडिओतला माणूस खरा की बनवलेला हेही सांगता येत नाही.

आणि साहेब, राग मानू नका, पण १९५४ चा एक कायदा आहे, औषधे आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा. मधुमेह, कॅन्सर, संधिवात असल्या आजारांवर औषध बरं करतं अशी जाहिरातच करता येत नाही, आणि ती छापण्यात भाग घेणाराही त्यात येतो. रविवारच्या पानावर "संधिवात मुळापासून" असं लिहिलेलं होतं. ते पान मी ठेवलंय.

काकी आता बरी आहे, गुडघे दुखतात, काठी घेते, शुगरची गोळी चालू आहे. व्हिडिओ काढून टाका म्हणून कंपनीला चार फोन केले, नंबर बंद. गेल्या आठवड्यात सावंतवाडीहून एका बाईंनी कुठूनतरी नंबर मिळवून फोन केला, काकी, तुम्हाला खरंच तीन दिवसांत फरक पडला का हो? काकी म्हणाली, पडला. मग मी फोन हातातून घेतला आणि अर्धा तास बोललो, तरी त्यांनी मागवली की नाही ठाऊक नाही.

आपला एक नेहमीचा वाचक,
रत्नागिरी तालुका