माझा नंबर दुसरा लावलात, त्याबद्दल

आदरणीय मॅडम,

हे पत्र तुम्हाला एकटीला पाठवता आलं असतं. उघड लिहितोय, कारण म्यूटवर जीव मुठीत धरून बसणारे माझ्यासारखे बरेच आहेत. त्यांच्या मिटिंगा घेणाऱ्यांनीही हे वाचावं.

पुण्याच्या कंपनीचं काम मी सोलापुरात, पूर्व भागातल्या घरून करतो. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचे माग, दिवसभर खटखट. आधीच्या साहेबांनी भर मिटिंगमध्ये विचारलं होतं, "कुठं बसलाय, कारखान्यात?" सगळे खदखदून हसले. चारचौघांत बोलायची धास्ती मला शाळेपासूनचीच. डॉक्टर तिला सोशल अँग्झायटी म्हणतात. पण त्या दिवसापासून माईकच्या बटणाकडे हात जाईना. मागाच्या आवाजात आणखी भर नको म्हणून मिटिंगपुरता पंखाही बंद ठेवायचो. सोलापूरचा मे महिना ज्यानं काढलाय, त्याला यातली मजा वेगळी सांगायला नको.

सगळ्यात वाईट असायचं ते बोलणं नव्हे, नंबर येईपर्यंतचं थांबणं. यादीत माझं नाव शेवटी. चार-पाच जण उरले की छाती धडधडायची, दोघं उरले की समोरचा काय बोलतोय ते कानावर पडायचं पण डोक्यात शिरायचं नाही. मग साहेब नेमकं विचारायचे, "आत्ता हे जे बोलले, त्यावर तुमचं काय?" मी गप्प. "लक्ष कुठं असतं तुमचं?" लक्ष तिथंच होतं हो साहेब, जरा जास्तच होतं. गोल बसून पाळीपाळीनं शब्द वाचायला लावले, तर स्वतःच्या पाळीच्या अगदी आधी वाचलेले शब्द माणसांना सगळ्यात कमी आठवतात, हे ब्रेनर नावाच्या संशोधकानं १९७३ मध्येच दाखवलंय. हे धीट माणसांचंही होतं. आमच्यासारख्यांचं काय होत असेल, विचार करा.

मग तुम्ही आलात. पहिल्या मिटिंगच्या आधी तुमचा मेसेज आला: "आज तुमचा नंबर दुसरा. एवढंच विचारणार आहे, काल किती बिलं अडकली आणि कुणाकडे."

मॅडम, त्या मेसेजकडे मी किती वेळ बघत बसलो होतो, तुम्हाला कल्पना नाही. पहिला नंबर दिला असता, तर लोक जॉइन होताहेत, "आवाज येतोय का" चाललंय, त्या गोंधळात मी सापडलो असतो. दुसरा म्हणजे एकाचं ऐकून होतं आणि भीतीला चढायला वेळ मिळत नाही. प्रश्न आधी कळल्यामुळे अख्खं भाषण टाइप करून ठेवायची सवयही सुटली. वाचताना ओळ हरवायची, आवाज सपाट व्हायचा आणि अर्धं मन "कसं वाटतंय ऐकायला" यातच असायचं. तुमच्या प्रश्नाला एक आकडा आणि एक नाव पुरलं. स्पेसबार दाबून धरला, बोललो, सोडला, पुन्हा म्यूट. माग चालूच होते. तुम्ही "ठीक आहे" म्हणून पुढं गेलात आणि त्यानंतरची मिटिंग मी खरोखर ऐकली.

"तुम्ही नाही बोललात तरी चालेल" असं तुम्ही म्हणाला नाहीत, याचे वेगळे आभार. तशी सूट मिळाली की त्या दिवशी सुटल्यासारखं वाटतं आणि पुढच्या वेळी भीती दुप्पट होऊन दारात उभी असते.

कॅमेऱ्याचंही तसंच. बंद ठेवा म्हणाला नाहीत. झूममध्ये स्वतःच्या चौकटीवरचे तीन ठिपके दाबून Hide Self View करायला सांगितलंत. बाकीच्यांना मी दिसतो, फक्त मला मी दिसत नाही. त्याआधी निम्मी मिटिंग मी माझाच घाम आणि हलणारे ओठ तपासत असायचो. खुर्चीत बसून माणूस एवढा दमतो कसा, हे घरच्यांना कळायचं नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातले संशोधक बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ मिटिंगांच्या या थकव्याची जी चार कारणं मांडली, त्यात सतत स्वतःचा चेहरा बघणं हे एक आहे. चौकटीत जखडून बसणं हे दुसरं. ते माझं अजून सुटलेलं नाही. मोठी मिटिंग झाली की मान आखडते आणि काय बोललो ते रात्रीपर्यंत डोक्यात घोळत राहतं.

मागच्या कंपनीनं आमच्यासाठी आत्मविश्वासाचं शिबिर ठेवलं होतं. ऑनलाइन, कॅमेरा सक्तीचा. तुम्ही एक मेसेज केलात. चांगुलपणाला बजेट लागत नाही, सवड लागते. आणि तुमच्या पदावरच्या माणसाला ती किती कमी असते, हे मी बघतोय.

आता एक मागणं. पुढच्या महिन्यात क्लायंटची मिटिंग आहे. तिथला क्रम तुमच्या हातात नसेल, तरी माझं नाव वर सरकवता आलं तर बघा. आणि काय विचारणार, तेही त्यांच्याकडून आधी काढून घ्या.

तुमचाच,
पूर्व भागातला, मागाच्या आवाजातला