चि. मनूस पत्र

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

काल तुझा फोन ठेवला आणि झोपच गेली. तू रडलीस म्हणून नाही. "आत्याचा मेसेज काकाला दाखवू का?" असं विचारलंस ना, म्हणून. मी नको म्हटल्यावर तू एकदम गप्प झालीस. आधीच पाठवला नव्हतास ना?

काका म्हणतो, तू शिकलेली आहेस, आत्याला समजाव आणि आजोबांच्या जमिनीच्या हक्कसोडीवर सही करायला लाव. आत्या म्हणते, तूही मुलगीच आहेस, माझ्या बाजूने उभी राहा. दोघंही तुला लाडाने बोलतात, हेच अवघड आहे. कोणी शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

काकाचं म्हणणं असं की मुलींच्या हक्काचा कायदा 2005 साली आला आणि आत्याचं लग्न त्याच्या कितीतरी आधीचं. पण तो बदल वडिलोपार्जित जमिनीबद्दलचा होता. आपली तीन एकरं आजोबांनी फौजेतून सुटून आल्यावर स्वतःच्या पैशांनी घेतली, आणि मृत्युपत्र केलं नाही. अशा जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा 1956 च्या कायद्यापासूनच आहे. आजी आधीच गेलेली, म्हणजे काकाचे चाळीस गुंठे, आत्याचे चाळीस आणि तुझ्या बाबांचे चाळीस. बाबा आजोबांच्या आधी गेले, त्यामुळे त्यांच्या हिश्श्यातले वीस तुझे, वीस माझे. एवढं दोघांनाही सांग, पण त्याच शब्दांत, जमलं तर दोघं समोर असताना. एकाला हळू आणि दुसऱ्याला जोरात सांगितलंस की तिथेच बाजू घेतल्यासारखं होतं.

आणि आत्ता भांडण्यासारखं काही नाहीच. आधी फक्त वारस नोंद व्हायची आहे. तलाठी फेरफार लिहील, सगळ्यांना नोटीस जाईल, हरकतीला पंधरा दिवस मिळतील, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करेल. सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं लागली म्हणून विहिरीजवळचा तुकडा आत्याचा होत नाही आणि काकाचं पीकही कोणी उपटून नेत नाही. वाटप ही वेगळी गोष्ट. काकाला नेमकी हीच भीती आहे, असं मला वाटतं. चाळीस वर्षं तो त्या विहिरीची मोटर चालू करतोय, पहाटे थंडीत. आत्याला हे दिसत नाही. आणि आत्याने आजोबांच्या शेवटच्या आजारपणात तीन महिने उशाशी काढले, ते काका विसरला.

बघ, भाषण सुरू झालं माझं. माफ कर. तू तिशीची झालीस हे पत्र लिहायला बसलं की विसरायलाच होतं.

खरं सांगू? मला आत्याचा हेवा वाटतो. 1996 साली मी माहेरी हक्कसोड केली. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात अण्णांनी अंगठ्याला शाई लावली, वहिनीने भाऊबीजेची साडी आधीच दिली, आणि मी हसत सही केली. नोंदणी झाली की नंतर मन बदललं म्हणून ते मागे घेता येत नाही, हे मला कोणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. साडी मोरपंखी होती. अजून कपाटात आहे. त्यामुळे आत्याला कोणी "सही कर" म्हणालं की माझ्या पोटात कालवतं. म्हणून माझ्या सल्ल्यावरही पूर्ण विश्वास ठेवू नकोस.

पण काकाला वाईट समजू नकोस. बाबा गेल्यावर तुझ्या कॉलेजची पहिली फी त्याने भरली, ऊस जळून गेला होता त्या वर्षी. आजपर्यंत एकदाही बोलून दाखवलं नाही.

मेसेजचं पुन्हा लिहिते. माझ्या मोठ्या बहिणीने पाटल्यांबद्दल जे बोललं ते मी अण्णांना जसंच्या तसं सांगितलं होतं, तेही चांगल्या हेतूने. बावीस वर्षं दोघं एकमेकांच्या घरी जेवले नाहीत. बोललेलं माणूस विसरतं, फोटो काढलेलं विसरत नाही. आत्याने रागात लिहिलेलं असेल तर तिलाच फोन कर, "आत्या, तू चिडली आहेस, उद्या बोलू" एवढं म्हण, आणि तिच्या गुडघ्याचं विचार. काकाने विचारलं तर "आत्याचं आत्याकडून ऐका" म्हण. दोघं तुझ्यावर थोडे नाराज होतील. होऊ देत.

आणि तुझी स्वतःची सही कोणत्याच कागदावर घाईत करू नकोस, साक्षीदार म्हणूनसुद्धा. माझी वीस गुंठं काय करायची ते मी ठरवीन, त्याचं ओझं तू घेऊ नकोस.

काल काकाने वाघ्या घेवड्याची पिशवी पाठवली, दरवर्षीसारखी. त्यातला अर्धा मी आत्याकडे पाठवला. कुठून आला ते सांगितलं नाही, पण कोरेगावचा घेवडा ती ओळखेलच.

स्क्रीनशॉट पाठवला असशील तर तेही सांग. रागावणार नाही.

तुझी,
आई