नाव झाकलं की झालं?

संपादक महोदय,

कालच्या पुरवणीत डेटिंग ॲपवरच्या मॅचसोबतचे चॅट मैत्रिणींना दाखवून सल्ला घेण्याबद्दलचा लेख वाचला. सल्ला जरूर घ्यावा, पण 'नाव झाकलं की झालं' असं लेखिकाबाईंनी एका वाक्यात उरकलं, ते मला पटलेलं नाही.

मी एका मुलीशी बोलत होतो. तिने आमच्या चॅटचा स्क्रीनशॉट मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला. वरचं नाव काळ्या रेघोट्यांनी झाकलं होतं. पण माझ्या एका मेसेजला तिने रिप्लाय दिला होता, आणि तो मेसेज रिप्लायच्या चौकटीत पुन्हा दिसतो तेव्हा त्यावर नावही येतं. ते राहून गेलं. शिवाय रेघोट्या हायलायटरच्या, म्हणजे अर्धपारदर्शक. ब्राइटनेस वाढवला की खालचं वाचता येतं. ऐरोलीच्या ऑफिसात सहकाऱ्याने फोन पुढे करून विचारलं, "हा तूच ना रे?"

तरी नावाचं दुःख कमीच. तिने विचारलं होतं, "घर कुणाच्या नावावर आहे?" मी लिहिलं, "घणसोलीचा फ्लॅट माझ्या नावावर, हप्ता मीच भरतो." स्क्रीनशॉट नेमका तिच्या प्रश्नाखालून सुरू होणारा, प्रश्न कापलेला. मग ग्रुपवर निकाल लागला: 'रेड फ्लॅग, पैशाचा तोरा.' वाहवा! आरोपी गैरहजर, अर्धाच पुरावा, आणि न्यायाधीश सगळ्या मैत्रिणी. त्याच चित्रात वडिलांच्या डायलिसिसबद्दलचं माझं वाक्यही होतं. सल्ल्याशी त्याचा काय संबंध?

उत्तर काय द्यावं एवढंच विचारायचं असेल, तर शेवटचे दोन-तीन मेसेज पुरतात, पण त्यात स्वतःचेही हवेत. ते हाताने टाइप करावेत. आजारपण, ऑफिस, सोसायटी, स्टेशन गाळावं. चित्रच पाठवायचं तर वरची पट्टी कापून टाकावी आणि बाकीचं भरीव चौकोनाने झाकावं. आणि विचारावं एकाच मैत्रिणीला, शक्यतो स्वतःच्याच फोनवर दाखवून. ग्रुपवरून 'डिलीट फॉर एव्हरीवन' केलं तरी कुणी आधीच पुढे ढकललेली प्रत परत येत नाही. डेटा संरक्षणाच्या 2023च्या कायद्याचा धाकही इथे उपयोगाचा नाही, व्यक्तीने खाजगी कारणासाठी केलेला वापर त्यातून वगळलेला आहे.

समोरचा धमकावत असेल किंवा पैसे उकळत असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे काही झाकू नये. नंबर, तारीख, वेळ यांसह सगळं जपून ठेवावं. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करावा. लेखात याचा साधा उल्लेखही नव्हता, राशिभविष्याला मात्र अर्धं पान.

जाता जाता, मागे माझं पत्र छापताना तुम्ही खाली मोबाइल नंबरही छापला होता. विमावाल्यांचे फोन अजून येतात. या वेळी कृपया नावही नको.

— एक वाचक, घणसोली