हळदीचे हात आणि रात्रीचा भात

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

१५ ऑक्टोबर हा जागतिक हात धुवा दिन. आपल्याकडे त्याच दिवशी वाचन प्रेरणा दिनही असतो, त्यामुळे परिपाठात पुस्तकांचा मान पहिला आणि हात धुण्याच्या वाट्याला उरलीसुरली दोन मिनिटे. एखादा मुलगा पाठ केलेले भाषण घडाघडा म्हणतो, टाळ्या पडतात. मधल्या सुट्टीत तोच मुलगा नळाखाली बोटांची टोके ओली करतो, हात चड्डीला पुसतो आणि खिचडीच्या पंगतीला बसतो. त्याला दोष कशाला द्यायचा? हात कसे धुवायचे आणि का, हे त्या भाषणात नव्हतेच.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, पोषण आहाराच्या नोंदीही माझ्याकडेच आहेत. परिपाठात मी जे बोलते ते इथे लिहून पाठवत आहे. कुणा शिक्षकाला उपयोगी पडले तर खुशाल वापरावे. त्यासाठी चमचाभर हळद, साबणाची साधी वडी आणि पाण्याचा तांब्या एवढेच लागते. वडीचाच साबण घ्या. बाटलीतल्या हँडवॉशने हळदीचा रंग बदलेलच असे नाही.

"मुलांनो, हे दोघे आज तुमच्यासमोर हात धुणार आहेत. त्यांच्या हातांना मी आधीच हळदीचे पाणी चोळले आहे, पुढून, मागून आणि बोटांच्या बेचक्यांतही. हं, आता रोज धुता तसा साबण लावा. थांबा! पाणी ओतू नका. हात वर करून सगळ्यांना दाखवा. काय दिसतंय? तळवे लाल झाले. साबण लागला की हळद लाल होते. आता अंगठा बघा, पिवळाच आहे. बेचक्या पिवळ्या, नखांच्या कडा पिवळ्या, हाताची मागची बाजू तर जशीच्या तशी. जिथे पिवळे, तिथे साबण पोचलाच नाही. आणि घास उचलतो कशाने? अंगठ्याने आणि बोटांच्या टोकांनी!

साबण हातावरचा तेलकट थर सुटा करतो. त्या थराला चिकटलेले जंतू आणि जंतांची अंडी त्याच्याबरोबर सुटतात, आणि पाणी त्यांना वाहून नेते. पण त्यासाठी हात चोळावे लागतात. सावकाश वीस अंक मोजा, तोवर चोळत राहा. तळव्यावर तळवा, मग हातांच्या मागच्या बाजू, मग बेचक्या. एकेक अंगठा दुसऱ्या मुठीत धरून फिरवा आणि शेवटी नखे तळव्यावर घासा. जंतनाशक दिनाला आपण जी गोळी चावून खातो ती पोटातल्या जंतांसाठी असते. नखात अडकलेल्या अंड्यांना ती काही करत नाही, ती नखे कापून आणि घासूनच जातात.

एकाच बादलीत सगळ्यांनी हात बुचकळायचे नाहीत. पहिल्याच्या हाताची घाण दहाव्याच्या हाताला लागते. एकाने तांब्याने पाणी ओतायचे, दुसऱ्याने हात धुवायचे. धुतलेले हात गणवेशाला पुसायचे नाहीत, झटका आणि वाळू द्या.

आता भाताचे बघू. समजा, आईने रात्री आठला भात केला. थोडा उरला, पातेले ओट्यावर झाकून ठेवले. सकाळी सातला त्याला फोडणी दिली, डब्यात भरला आणि तुम्ही तो दुपारी एकला खाल्ला. शिजल्यापासून किती तास झाले? सतरा. तांदळात एका जंतूची बीजे असतात. ती इतकी चिवट की भात उकळला तरी मरत नाहीत. भात कोमट झाला की ती जागी होतात, वाढतात आणि भातात विष सोडतात. सकाळी फोडणी दिली की जंतू मरतील, पण ते विष तसेच राहते. मग दोन-तीन तासांत मळमळ आणि उलट्या सुरू होतात.

तुम्ही म्हणाल, वास घेतला तर कळेल की. आंबूस वास आला किंवा तार सुटली तर ते अन्न टाकायचेच. पण भातात विष असूनही वास चांगला येऊ शकतो, चवही बदलत नाही. म्हणून वास घेण्याआधी विचारायचे, भात कधीचा आहे? उरलेला भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला असेल, आणि सकाळी एकदाच चांगला वाफाळता गरम करून लगेच खाल्ला, तर चालतो. रात्रभर बाहेर राहिलेला नको. रात्रीची कोरडी पोळी आणि रात्रीचा भात यांत फरक आहे. जंतूंना ओल लागते, म्हणून भात, वरण, उसळ, रस्सा यांना जास्त जपायचे."

भाषण इथे संपते. मोठ्यांशी मात्र थोडे वेगळे बोलायला हवे.

डबा मूल भरत नाही. घरी 'अन्न हे पूर्णब्रह्म' आणि शाळेत 'शिळे खाऊ नका' हे दोन्ही ऐकणारे पोर मधल्या मध्ये अडकते. टाकले तर घरी मार, खाल्ले तर बाईंचा ओरडा. म्हणून मी मुलांना सांगते, डब्यात कालचा भात असेल तर गुपचूप मला येऊन सांगा आणि आज पंगतीत बसा. चारचौघांत कुणाचा डबा उघडून नाक मुरडायचे नाही. फ्रिज नसलेल्या घराला 'फ्रिजमध्ये ठेवा' हे सांगून काय उपयोग? तिथे रात्री भात बेताचा लावणे आणि कमी पडलाच तर भाकरीवर भागवणे, एवढेच हातात असते. ज्यांच्याकडे फ्रिज आहे त्यांनी भात पातेल्यातल्या पातेल्यात न ठेवता पसरट भांड्यात काढावा. भरल्या पातेल्याच्या मधला भात फ्रिजमध्येही बराच वेळ कोमट राहतो.

दुसरी गोष्ट कुणी फारशी बोलत नाही. काही मुले खिचडी अर्धी खातात आणि उरलेली डब्यात घालून धाकट्या भावंडासाठी घरी नेतात. एकच्या सुमारास वाढलेली खिचडी शाळा सुटून घरी पोचेपर्यंत चार तासांची होते, उन्हाळ्यात तर तिची अवस्था विचारू नका. 'नेऊ नका' म्हणताना माझी जीभ अडखळते, कारण ती का नेली जाते हे मला ठाऊक आहे. अशा घरांतल्या धाकट्याचे नाव अंगणवाडीत आहे ना, तो तिथे रोज जातो ना, हे मी अंगणवाडी ताईंकडे विचारते. खिचडी डब्यात जाणे सगळ्यांचे थांबले नाही, काहींचे थांबले.

राहिला साबण. नळ असतो, साबण नसतो, ही बहुतेक शाळांची कथा. नवी वडी नळावर ठेवली की दुपारपर्यंत गायब, नाहीतर मातीत पडून भिजते. आम्ही जुन्या पायमोज्यात वडी घालून तो नळाला बांधतो. मोज्यासकट हातावर घासले की फेस येतो, वडी पडत नाही, खिशातही जात नाही. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला मिळणाऱ्या संयुक्त शाळा अनुदानातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो, त्यात साबण सहज बसतो. पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत साबणाची पावती जरूर मागावी.

हळदीचा प्रयोग केलात तर पालकांना आदल्या दिवशी कळवा. साबण निघून गेला की लाल रंग पुन्हा पिवळा होतो आणि तो पिवळेपणा दुसऱ्या दिवशीही नखांवर दिसतो. आमच्याकडे एक आजी नातवाला काविळ झाली की काय, म्हणून शाळेत विचारायला आल्या होत्या.

आपली नम्र,
एक प्राथमिक शिक्षिका, जि. सातारा